घट्ट बसलेला स्पिंडल काढताना भिंतीतला पाईप कसा वाचवायचा?

प्रश्न: बाथरूमचा जुना पितळी नळ ठिबकतोय, वायसर बदलायचा आहे. वरची चावी निघाली, पण स्पिंडल बॉडीतून हलतच नाही. पाणी बोअरचं आहे. WD-40 मारून झालं. आणखी जोर लावला तर भिंतीतला पाईप तुटेल का?

उत्तर: हो, तुटू शकतो. म्हणून जोर वाढवण्याआधी तो जोर नेमका कुठे जातोय ते बघा.

तुमच्या नळाची चावी वरच्या बाजूला असेल असं धरून सांगतो, कारण जुने वायसरवाले नळ बहुतेक तसेच असतात. पाना स्पिंडलच्या षटकोनावर लावून फिरवला आणि स्पिंडल सुटला नाही, तर अख्खा नळ आडवा ढकलला जातो. तो सगळा ताण नळ जिथे भिंतीत शिरतो तिथल्या आट्यांवर येतो. जीआयचा जुना निपल नेमका तिथेच सर्वात पातळ आणि गंजलेला असतो. सीपीव्हीसी असेल तर पितळी आट्यांचा एल्बो तिथेच तडकतो. तो भिंतीच्या आत तुटला की टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.

आता WD-40 का चाललं नाही ते. पितळ लोखंडासारखं गंजत नाही. बोअरच्या जड पाण्यातला चुना आट्यांमध्ये साचून दगडासारखा झालाय, आणि तेलाने चुना विरघळत नाही. त्याला आंबट लागतं. स्वयंपाकाचं पांढरं व्हिनेगर पुरे, किंवा कपभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड. संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र लावू नका. ते क्रोम उडवतं आणि पितळही खातं. तेल आधीच मारलंय म्हणता, तर जोडाची जागा साबणाच्या पाण्याने आधी धुवून घ्या, नाहीतर व्हिनेगर तेलकट थरावरून नुसतं ओघळून जाईल.

टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ पूर्ण उघडा. ही पायरी बरेच जण विसरतात. नळ बंद असताना स्पिंडलच्या आतला, चावी बसते तो दांडा वायसरला खाली सीटवर दाबून धरतो आणि त्याच जोराने स्पिंडलला वर रेटत असतो, त्यामुळे त्याचे आटे आणखी घट्ट चावतात. नळ उघडला की हा ताण जातो. चावी काढून झाली असेल तर ती परत दांड्यावर बसवून नळ उघडा, मग पुन्हा काढा. दांडाच फिरत नसेल तर आधी दांड्याभोवतीचा वरचा छोटा नट, म्हणजे ग्लँड नट, अर्धा फेरा सैल करा, दांड्याच्या कडेने व्हिनेगरचे थेंब सोडा आणि तासाभराने पुन्हा बघा.

मग स्पिंडल आणि बॉडी मिळतात त्या रेषेभोवती व्हिनेगरने भिजवलेली चिंधी गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा. दोन तास ठेवा, मधे एकदा चिंधी पुन्हा भिजवा. क्रोमचा नळ असेल तर रात्रभर ठेवू नका, चकाकी जाते. जोडात आत वायसर किंवा ओ-रिंग असते, त्यामुळे व्हिनेगर सहजासहजी आत शिरत नाही. ते शिरावं म्हणून हलक्या हातोडीने षटकोनाच्या सहाही बाजूंवर टकटक करा, आणि घाव बसतो त्याच्या विरुद्ध बाजूला एखादा जड लोखंडी तुकडा टेकवून धरा म्हणजे धक्का पाईपाकडे जाणार नाही. चुना ठिसूळ असतो, अशा टकटकीने त्याला चिरा पडतात. एका मोठ्या घावाने मात्र षटकोन चेपतो.

पाना लावण्याआधी नेलपॉलिशने किंवा मार्करने एक उभी रेघ मारा, अर्धी स्पिंडलवर आणि अर्धी बॉडीवर. पाना हलला आणि रेघ तुटली, म्हणजे स्पिंडल सुटतोय. पाना हलला पण रेघ सरळच राहिली, म्हणजे अख्खा नळ फिरतोय किंवा वाकतोय. तिथेच थांबा. हाताला दोन्ही सारखंच जाणवतं, त्यामुळे या रेघेवर विश्वास ठेवा, हातावर नको.

पाना षटकोनात चपखल बसणारा रिंग पाना हवा. रिंग वरून जात नसेल तर त्याच मापाचा ओपन पाना चालेल. पाईप पान्याचे दात पितळाच्या कडा गोल करतात, आणि एकदा कडा गेल्या की पुढचे सगळे उपाय संपतात.

जोर लावायची रीत अशी. नळासमोर उभे राहा. पान्याची मूठ तोटीच्या डावीकडे, तोटीपासून चार बोटं अंतरावर येईल असा तो बसवा. तोटीला जाड फडकं गुंडाळून डाव्या हाताने ती उजवीकडून डावीकडे दाबा आणि उजव्या हाताने पाना डावीकडून उजवीकडे, तोटीच्या दिशेने ओढा. दोन्ही हात एकमेकांकडे येतात, त्यामुळे एकाचा जोर दुसरा खातो आणि भिंतीवर फारसं काही येत नाही. पाना इतक्या कमी अंतरात बसत नसेल तर षटकोनाची एक बाजू सोडून पुन्हा बसवा. बॉडीवर सपाट बाजू असतील तर तोटीऐवजी तिथे दुसरा पाना लावणं जास्त चांगलं.

आधी सोडवायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने अगदी किंचित झटका द्या. चुन्याची पकड बहुतेकदा अशी तुटते. मग उलटं फिरवा. नाहीच सुटला तर उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं चिमट्याने बॉडीभोवती गुंडाळा, षटकोनाला लागू देऊ नका. बॉडी तापून जराशी फुगते आणि स्पिंडल थंडच असतो. हा फरक मिनिटभरच टिकतो, तेव्हा पाना आधीच बसवून ठेवा. गॅसची ज्योत नको. मागे सीपीव्हीसी असेल तर तो मऊ पडतो, आणि आतलं रबरही जळतं.

स्पिंडल हलला की एका दमात काढू नका. थोडा सोडवा, तेवढाच परत आवळा, व्हिनेगरचे थेंब टाका, पुन्हा सोडवा. करकर आवाज येतो तो चुन्याच्या कणांचा. ते आट्यांत अडकवून रेटलं तर मऊ पितळाचे आटे सोलून निघतात.

बाहेर आल्यावर आटे जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावून घासा आणि साध्या पाण्याने धुवा. बॉडीत बोट घालून सीटची कड फिरवून बघा. नखाला खाच लागली तर नवा वायसरही ठिबकणारच, सीट घासून घ्यावी लागेल. आट्यांना पाण्याच्या नळांचं सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. जोडातला वायसरही नवा घाला. परत बसवतानाही दांडा उघड्या स्थितीत ठेवा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने साधारण पाव फेरा. पाणी सोडून जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. ओला झाला तरच आणखी थोडं आवळा.

व्हिनेगर, टकटक आणि गरम फडकं यांचे दोन फेरे करूनही रेघ तुटत नसेल तर पान्याला पाईप जोडून लांबी वाढवू नका. तेव्हा प्लंबरला बोलवून नळच बदला, आणि भिंतीतला निपल कसा आहे ते नळ उतरवतानाच त्याला बघायला सांगा.