सीए ऑफिसचा ताशी दर: पगारापासून बिलापर्यंत

प्रश्न: नाशिकला माझं छोटं सीए ऑफिस आहे. मी, एक पगारी सीए, दोन अकाउंटंट आणि एक ऑफिस असिस्टंट. पगारी सीएचा तास मला 312 रुपयांना पडतो, म्हणून मी दुप्पट, म्हणजे 625 दर धरून फी ठरवतो. तरी वर्षाअखेर हाती फारसं काही उरत नाही. चूक कुठे होतेय?

उत्तर:

मी कॉस्ट अकाउंटंट आहे आणि छोट्या ऑफिसांचे असे हिशोब नेहमी बघतो. तुमची चूक तासांच्या आकड्यात आहे. 312 हा आकडा बहुतेक बोनस धरून महिना 65,000 भागिले 26 दिवस, रोज 8 तास असा आला असणार. पण माणूस ऑफिसात बसलेला तास आणि एखाद्या क्लायंटच्या नावावर लावता येईल असा तास, हे दोन वेगळे आहेत. पगार पहिल्या तासांचा जातो, पैसे दुसऱ्या तासांचेच येतात.

आधी तास काढू. 365 दिवसांतून 52 रविवार, सणावारांच्या 12 सुट्ट्या आणि रजेचे 21 दिवस गेले की 280 उरतात. जेवण-चहा वजा जाता दिवसाचे 7 तास धरले तर वर्षाचे 1,960 तास होतात. यातले सगळे बिलात येत नाहीत. पोर्टल बंद आहे, नवीन मुलाला शिकवायचं आहे, नव्या तरतुदी वाचायच्या आहेत, थकलेल्या फीसाठी फोन करायचे आहेत. हा सगळा वेळ कुणाच्याच खात्यावर टाकता येत नाही. माझ्या अंदाजाने तुमच्यासारख्या ऑफिसात अकाउंटंटचे 75 टक्के, पगारी सीएचे 70 टक्के आणि मालकाचे जेमतेम 45 टक्के तास बिलाचे असतात. म्हणजे प्रत्येक अकाउंटंटचे 1,470, सीएचे 1,370 आणि तुमचे 880. सगळे मिळून 5,190 तास. ऑफिस असिस्टंटचा तास थेट बिलात येत नाही, म्हणून त्याचा पगार वरखर्चात धरायचा.

मालकाच्या 45 टक्क्यांवर अनेकजण अडतात. क्लायंटशी बोलणं, काम वाटून देणं, माणसं सांभाळणं हे तुम्हालाच करावं लागतं. कागदावर तिथे 75 टक्के लिहिलंत तर दर आकर्षक दिसेल, पण ते तास प्रत्यक्षात मिळणार नाहीत.

आता वरखर्च. भाडं 3 लाख, असिस्टंटचा पगार 2 लाख, वीज-इंटरनेट 1 लाख, सॉफ्टवेअरची लायसन्स 1 लाख 20 हजार, कॉम्प्युटरचा घसारा 1 लाख, प्रवास, सदस्यत्व, विमा वगैरे 80 हजार. एकूण 9 लाख धरू. तुमचे खरे आकडे घालून बघा. 5,190 तासांवर वाटले की तासाला 173 रुपये येतात. काहीजण वरखर्च पगाराच्या प्रमाणात वाटतात. मला ते पटत नाही, कारण खुर्ची, मशीन आणि लायसन्स अकाउंटंटलाही तुमच्याइतकंच लागतं. पगारावर वाटलं की ज्युनिअरचं काम आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतं आणि रिटर्न भरण्यासारखी कामं तोट्यात घेतली जातात.

तुमच्या सीएचा वर्षाचा पगार 7 लाख 80 हजार. 1,370 ने भागला की 569, त्यात 173 मिळवले की 742 रुपये. हा नुसता खर्च आहे, नफा अजून धरलेलाच नाही. म्हणजे 625 ने लावलेल्या प्रत्येक तासाला 117 रुपये तुम्ही खिशातून घालताय. अकाउंटंटचा वार्षिक खर्च 3 लाख 25 हजार धरला तर त्याचा तास 394 ला पडतो. तुमच्या स्वतःच्या कामाचा मोबदलाही खर्चातच धरा. तो नोकरीत मिळाला असता तेवढा, समजा 18 लाख, घेतला तर तुमचा तास 2,218 चा होतो. हा मोबदला सोडून दिला की फी भरपूर वाटते आणि मार्चअखेर तुमच्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

यावर दोन गोष्टी येतात. एक, नफा: फीच्या 15 टक्के धरू. दोन, वसुली: लिहिलेल्या तासांचे सगळे पैसे मिळत नाहीत. क्लायंट घासाघीस करतो, काम लांबतं, काही रक्कम बुडते. शंभरातले 90 हाती येतात असं धरलं तर खर्चाला आधी 0.85 ने आणि मग 0.90 ने भागायचं. आकडे थोडे वर नेऊन गोल केले की अकाउंटंट 525, सीए 1,000 आणि तुम्ही 2,900. जीएसटी यावर वेगळा.

एक नुकसान दोनदा धरू नका. चुकीमुळे पुन्हा केलेलं काम टाइमशीटमध्ये त्याच क्लायंटच्या नावावर लिहायचं आणि बिल करताना सोडून द्यायचं. म्हणजे ते वसुलीत दिसतं. तेच बिनबिलाच्या तासांतही घातलंत तर दर विनाकारण फुगतो. टाइमशीट पंधरा मिनिटांच्या टप्प्याने आणि त्याच दिवशी भरून घ्या. शनिवारी आठवून लिहिलेल्या टाइमशीटमध्ये सगळे तास बिलाचेच निघतात.

दर वर्षाच्या सरासरीवर ठरवा. जुलै ते ऑक्टोबरच्या धावपळीत सीए 90 टक्के गुंतलेला दिसेल, नंतर तो आकडा खाली येईल. क्लायंट गेल्यामुळे तास रिकामे राहत असतील तर तो बोजा उरलेल्यांच्या दरात घालू नका. दर चढतो, आणखी एखादा क्लायंट जातो आणि दर पुन्हा चढवावा लागतो. रिकाम्या वेळेचा खर्च वेगळा मांडा. त्यावरून माणूस कमी करायचा की काम आणायचं, हे ठरेल.

आपल्याकडे तासावर बिल घेणारे क्लायंट थोडेच. तरी हा दर ठरलेली वार्षिक फी तपासायला लागतो. एखाद्या छोट्या कंपनीचं वर्षाचं काम अकाउंटंटचे 60, सीएचे 12 आणि तुमचे 4 तास खात असेल तर फी निघते 55,100. नुसता खर्च 41,400 च्या आसपास. तुम्ही 40,000 घेत असाल तर तोट्यात आहात. एकदम 15,000 वाढवून मागायला संकोच वाटत असेल तर आधी तुमचे 4 तास बघा. त्यातले 2 सीएकडे गेले तर आवश्यक फी 3,800 ने उतरते, म्हणजे 51,300. तिथपर्यंत दोन वर्षांत नेता येईल. पण खर्चाच्या खाली असलेली फी याच एप्रिलला निदान खर्चाइतकी करा, कारण त्याच महिन्यात पगारवाढ होऊन 742 चा आकडाही पुढे सरकणार आहे.