‘तिळगुळ’, ‘तिळगूळ’ की ‘तीळगूळ’? आणि ॲडमिनला सांगायचं कसं?

*संक्रांतीच्या शुभेच्छांच्या चित्रावर एका पेजने ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला ‘तिळगूळ’ बरोबर वाटतं, भाऊ म्हणतो ‘तीळगूळ’. नेमकं काय? ॲडमिनला ‘कृपया दुरुस्त करा’ असं लिहिलं होतं, पण उद्धट वाटलं म्हणून खोडलं. दुसरं काय लिहू?*

तुमचं बरोबर आहे. ‘तिळगूळ’ लिहा. ‘ति’ची वेलांटी पहिली, ‘गू’चा उकार दुसरा.

आधी गूळ बघू, कारण चूक तिथे आहे. मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल, तर त्याच्या अलीकडच्या अक्षरातला इकार किंवा उकार दीर्घ लिहितात: वीट, फूल, वकील, गरीब, गूळ. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतही हेच आहे. (‘गुण’, ‘विष’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ते आपलं मूळ रूप सोडत नाहीत. ॲडमिन वाद घालायच्या मूडमध्ये असला तर हेच शब्द पुढे करील, म्हणून सांगून ठेवतो.) ‘तिळगूळ’ हा जोडशब्द असला तरी त्याचा शेवट गूळनेच होतो, म्हणून दुसरा उकार कायम राहतो.

मग इतक्या लोकांचा हात पहिल्या उकाराकडे का जातो? डोळ्यांना ‘गुळ’ची सवय झालेली असते म्हणून. शब्दाला प्रत्यय लागला की हाच उकार ऱ्हस्व होतो. गुळाचा खडा, तिळगुळाची वडी, तिळगुळाचे लाडू, ही सगळी रूपं बिनचूक आहेत. वीट-विटेचा, फूल-फुलाचा, वकील-वकिलाला यांतही तेच घडतं. रोजच्या वाचनात ‘तिळगुळाचे’ वारंवार दिसतं आणि त्यातला ‘गुळ’ तोडून घोषवाक्यात बसवला जातो. पण ‘तिळगूळ घ्या’मध्ये प्रत्यय नाही. घ्या हे क्रियापद वेगळं उभं आहे, शब्दाला चिकटलेलं नाही. ओळखायची खूण एवढीच: शब्द उघडा असेल तर दुसरा उकार, मागे ‘चा-ला-ने’ असेल तर पहिला. गंमत म्हणजे ‘चूक’ हा शब्दही याच नियमाने चालतो: चूक झाली, पण चुकीचा शब्द.

आता तुमच्या भावाचा मुद्दा. सुटा शब्द ‘तीळ’च, यात वाद नाही. पण जोडशब्दाच्या पहिल्या पदात मराठी नेहमी एकसारखी वागत नाही. ‘फुलदाणी’त फूल ऱ्हस्व होतं, ‘मीठभाकर’मध्ये मीठ दीर्घच राहतं. तिळगूळ फुलदाणीच्या वाटेने गेलाय आणि तेच रूप रूढ आहे. तरीही कुणी ‘तीळगूळ’ लिहिलं असतं तर मी ॲडमिनला कळवायला गेलो नसतो. ज्या अक्षराबद्दल एका वाक्यात कारण देता येतं, तेवढंच सांगावं. एका चित्रात चार शंका काढल्या की खरी चूकही ‘हा बुवा नुसता खुसपटं काढतोय’ या सदरात जाते. आणि समोरून ‘गुळपोळी’चं उदाहरण आलं, तर तिथे गूळ पहिल्या पदात आहे, शेवटी नाही, एवढं सांगून थांबा.

कळवण्याआधी चित्र मोठं करून बघा. नक्षीदार अक्षरवळणांत दोन्ही उकारांची शेपटी इतकी सारखी असते की दुरून फरकच कळत नाही. आपणच चुकीचं वाचून कळवलं तर फार ओशाळं व्हायला होतं. माझं एकदा झालंय.

आता भाषेचं बघू. ‘कृपया दुरुस्त करा’ उद्धट का वाटलं? कारण बोलताना आपण ‘कृपया’ म्हणतच नाही. तो पाट्यांवरचा आणि सूचनाफलकांवरचा शब्द आहे. ‘कृपया रांगेत उभे राहा’ ऐकताना कुणी आपल्याला विनंती करतंय असं वाटतं का? ‘नोंद घ्यावी’ त्याहून वाईट, ते तर परिपत्रकच झालं. मराठीतली अदब क्रियापदात असते: ‘बदला’ हा हुकूम, ‘बदलावे’ हा अर्ज, ‘बदलाल का?’ ही विनंती. त्याला ‘तेवढं’ जोडलं तर काम आपोआप लहान होतं: ‘तेवढं बदलाल का?’

दुसरं, चुकीला कर्ता देऊ नका. ‘तुम्ही चुकीचं लिहिलंय’ यात बोट रोखलेलं आहे. ‘तिथे पहिला उकार राहून गेलाय’ म्हटलं की चूक कुणाचीच राहत नाही. ‘राहून जाणे’ हा प्रयोग जणू अशाच प्रसंगांसाठी घडलाय. चित्र करणारा बहुधा ॲडमिनच्या ओळखीतला असतो, हेही विसरू नका.

मी असं लिहिलं असतं:

> नमस्कार. संक्रांतीचं चित्र छान झालंय, पतंगांचे रंग विशेष आवडले. वरच्या ओळीत ‘तिळगुळ’मध्ये पहिला उकार राहून गेलाय, तिथे ‘तिळगूळ’ असा दुसरा उकार हवा. चित्र अजून बदलता येण्यासारखं असेल तर तेवढं बदलाल का?

स्तुती खरी असेल तरच लिहा. पतंग आवडले नसतील तर ते वाक्य गाळा, मजकूर तरीही नीट चालतो. आणि हे खासगी संदेशात पाठवा, चित्राखाली नको. चित्राखाली लिहिलं की ॲडमिनला उत्तर चारचौघांत द्यावं लागतं, आणि चारचौघांत माणूस उकारापेक्षा अब्रू आधी सांभाळतो.

संदेशात बरोबर शब्द लिहूनही ‘दुसरा उकार’ असं वेगळं का म्हटलं? बरेच जण अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत चित्रं करतात. तुमच्या संदेशातला शब्द उचलून तिथे चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. मग त्यांना तो हाताने टाइप करावा लागतो आणि लहान पडद्यावर ‘गु’ आणि ‘गू’ सारखेच दिसतात. शाळेतलं ‘पहिला-दुसरा’ मात्र सगळ्यांना कळतं.

‘बदलता येण्यासारखं असेल तर’ हेही उगाच घातलेलं नाही. चित्राखालचा मजकूर चटकन बदलता येतो, चित्रातला शब्द नाही. मूळ फाइल उघडायची, शब्द बदलायचा, नवं चित्र काढायचं आणि बहुतेक वेळा नव्याने टाकायचं, म्हणजे जुन्या चित्रावरच्या प्रतिक्रिया गेल्याच. म्हणून कळवायचं तर चित्र दिसल्या दिसल्या. सण संपल्यावर लक्षात आलं तर शेवटचं वाक्य बदला: ‘पुढच्या वर्षी हेच चित्र वापरणार असाल तर तेवढं बदलून ठेवाल का?’ मूळ फाइल जपून ठेवलेली असते, त्यामुळे याचा उपयोग होतो.

पाठवण्याआधी स्वतःचा संदेशही एकदा वाचा. ‘दुरुस्त’मधला रु पहिला. आणि ‘शुद्ध’ लिहिणार असाल तर त्यात आधी द, मग ध. मी एकदा एका ॲडमिनला ‘शुध्दलेखन’ बघायला सांगितलं होतं. त्याने माझाच शब्द ‘शुद्धलेखन’ असा नीट लिहून परत पाठवला, खाली ‘धन्यवाद’ आणि एक तिळगुळाचा लाडू.