इंग्रजीवर घडलेले एआय डिटेक्टर मराठी-हिंदीत का भरकटतात?

प्रश्न: मी स्वतः लिहिलेला मराठी लेख एका डिटेक्टरने ‘९७ टक्के मशीनचा’ ठरवला, दुसऱ्याने ‘पूर्ण माणसाचा’. त्याचाच हिंदी अनुवाद टाकला तर आकडे पुन्हा वेगळे. असं का होतं, आणि विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर:

दोन्ही डिटेक्टर तुमचा लेख तुम्ही वाचता तसा वाचत नाहीत. ते त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवर गणित मांडतात. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून ‘पाणी’ हा एकच शब्द घेऊन बघू. पायथॉनमध्ये हे करून बघा:

```
>>> "पाणी".encode("utf-8").hex(" ")
'e0 a4 aa e0 a4 be e0 a4 a3 e0 a5 80'
```

प, काना, ण, दीर्घ वेलांटी अशी ही चार चिन्हं. संगणकात अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून इथे बारा बाइट झाले. आता प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट बघा. प्रत्येक चिन्ह e0 ने सुरू होतं आणि त्यापुढे a4 किंवा a5 यांपैकीच काहीतरी येतं. अक्षर कोणतं हे मुख्यतः तिसऱ्या बाइटमध्ये कळतं. मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकनं, पाडणाऱ्या भागाला टोकनायझर म्हणतात. इंग्रजी मजकुरावर बनवलेल्या टोकनायझरकडे नेहमीच्या इंग्रजी शब्दांसाठी अख्खी टोकनं असतात, पण मराठी शब्दांसाठी ती जवळजवळ नसतात. त्यामुळे मराठी शब्द असा बाइटांपर्यंत फुटतो. जीपीटी-२ या भाषा-मॉडेलचा टोकनायझर या प्रकारचा आहे आणि रोबर्टा हे मॉडेलही तीच पद्धत वापरतं.

डिटेक्टरांचा एक मोठा गट ‘पर्प्लेक्सिटी’ मोजतो. पुढचा तुकडा मॉडेलला किती अनपेक्षित वाटला, याची ती सरासरी असते. आकडा कमी आला तर मजकूर ‘फारच अपेक्षित’, म्हणजे मशीनचा असं धरतात. समजा माणसाने लिहिलेल्या मराठीत एका चिन्हाचा पहिला बाइट मॉडेल ०.९५ संभाव्यतेने ओळखतं, दुसरा ०.७ ने आणि तिसरा ०.१ ने. तिन्हींचा गुणाकार साधारण ०.०६६ येतो, म्हणजे चिन्हामागे पर्प्लेक्सिटी १५. डिटेक्टर मात्र सरासरी तुकड्यामागे काढतो, म्हणून तो १५ चं घनमूळ घेतो आणि उत्तर येतं सुमारे २.५. इंग्रजी लेखांवरून ‘१० च्या खाली मशीन’ अशी रेघ आखलेली असेल तर तुमचा लेख त्या रेघेच्या कितीतरी खाली जातो. तुमच्या लेखनात काहीही साचेबद्ध नसलं तरी e0 a4, e0 a4 ही पुनरावृत्तीच आकडा खाली ओढते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मशीनने लिहिलेल्या मराठीत तिसरा बाइट दुप्पट सहज, म्हणजे ०.२ ने ओळखला गेला असं धरा. चिन्हामागे पर्प्लेक्सिटी ७.५ होते, पण तुकड्यामागे ती जवळपास २ च येते. १५ आणि ७.५ मधला ठसठशीत फरक आता २.५ आणि २ मध्ये आटला. अशा ठिकाणी रेघ कुठेही आखा, थोड्याशा हिसक्याने लेख इकडचा तिकडे होतो.

मग दुसऱ्या डिटेक्टरला तोच लेख माणसाचा का वाटला? भागाकार कशाने करायचा यावर ते अवलंबून असू शकतं. वरच्याच आकड्यांनी पण अख्ख्या शब्दामागे मोजलं, तर ‘पाणी’साठी १५ चा चौथा घात होतो, म्हणजे पन्नास हजारांवर. इंग्रजीच्या मोजपट्टीवर हा आकडा इतका मोठा आहे की मजकूर डोळे झाकून ‘माणसाचा’ ठरतो. शब्द तोच आणि मॉडेलचं भाकीतही तेच, पण निकाल उलटा.

डिटेक्टरांचा दुसरा गट वर्गीकरण करतो. माणसाचे आणि मशीनचे हजारो नमुने दाखवून मॉडेलला फरक शिकवलेला असतो. ओपनएआयचा २०१९ मधला जीपीटी-२ डिटेक्टर रोबर्टावर उभा होता. अशा मॉडेलची खिडकी, म्हणजे एका वेळी वाचता येणारा मजकूर, ५१२ टोकनांची असते. इंग्रजीत त्यात साडेतीनशेच्या वर शब्द सहज मावतात. मराठी शब्दात सरासरी सहा चिन्हं धरली आणि चिन्हामागे दोन-तीन टोकनं पडली, तर खिडकीत २८ ते ४२ शब्दच बसतात. म्हणजे आठशे शब्दांच्या लेखाचा निवाडा पहिल्या दोन-तीन वाक्यांवर होतो. तुम्ही सुरुवात बदलली की निकाल बदलतो, तो यामुळे. हे ओळखणं सोपं आहे: पहिले साठ शब्द ठेवून बाकीचा लेख काढून टाका. आकडा दशांशापर्यंत तोच राहिला, तर उरलेलं त्याने वाचलंच नव्हतं. काही साधनं मजकुराचे भाग पाडून सरासरी काढतात. तिथे आकडा हलेल.

एक्सएलएम-आर सारखी बहुभाषिक मॉडेलं मराठी-हिंदी शब्द बऱ्यापैकी धरून ठेवतात, त्यामुळे बाइटांचा हा प्रश्न तिथे बराच सुटतो. पण मशीन आणि माणूस यांतला फरक त्यांना फक्त इंग्रजी नमुन्यांवर शिकवला असेल, तर रेघ परकीच राहते. तिथला ‘०.९७’ म्हणजे शंभरातले ९७ लेख मशीनचे, असा अर्थ मराठीसाठी कुणी तपासलेलाच नसतो.

हिंदीचं वेगळं वागणं बहुतेकदा एका उभ्या रेघेत असतं. मराठीत आपण पूर्णविरामासाठी टिंब देतो, हिंदीत ‘।’ देतात. वाक्यं टिंब, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांवरच तोडणारा प्रोग्राम हिंदीचा अख्खा परिच्छेद एक वाक्य समजतो. काही डिटेक्टर वाक्यांच्या लांबीतला चढउतारही मोजतात, कारण माणसाचं लेखन कमीजास्त होत जातं असा त्यांचा आधार असतो. वाक्य एकच मिळालं तर चढउतार शून्य, आणि मजकूर मशीनचा. तुमच्या हिंदी अनुवादात प्रत्येक ‘।’ च्या जागी ‘.’ घालून पुन्हा तपासा. आकडा बराच हलला, तर भाषेचा त्यात काही संबंध नव्हता, विरामचिन्हाचा होता. तुमच्याबाबतीत आणखी एक शक्यता आहे: अनुवाद यंत्राने केला असेल, तर तो मशीनचा ठरण्यात थोडंफार तथ्यही असेल.

विश्वास ठेवायचा तर आधी त्याच भाषेत, त्याच प्रकारच्या आणि साधारण तेवढ्याच लांबीच्या मजकुरावर डिटेक्टर पारखून घ्यावा लागतो. चॅटजीपीटी येण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर २०२२ च्या आधी छापून आलेले, संपादकाच्या हाताखालून गेलेले ५० लेख घ्या आणि त्याच विषयांवर मशीनकडून लिहून घेतलेले ५०. वेबवरचा कुठलाही मराठी मजकूर उचलू नका, कारण त्यात यंत्रानुवाद बराच मिसळलेला आहे आणि तो ‘माणसाचा’ म्हणून धरला तर पारखच बिघडते. मग माणसांचे किती लेख मशीनचे ठरले ते मोजा. ५० पैकी एकही ठरला नाही, तरी चूक शून्य असं म्हणता येत नाही. ३ भागिले ५० या ढोबळ नियमाने खरी चूक ६ टक्क्यांपर्यंत असू शकते. ती १ टक्क्याच्या आत आहे असं म्हणायला असे ३०० निर्दोष निकाल लागतील. मराठीसाठी काढलेला आकडा हिंदीला लावू नका, तिथे पारख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. आणि कुणी तुमच्यावर त्या ९७ टक्क्यांवरून आरोप करत असेल, तर ही मराठीची पारख केली आहे का, हे त्यांना विचारा आणि लेखाचे कच्चे मसुदे व फाइलचा बदल-इतिहास त्यांच्यासमोर ठेवा.