एकत्र बसायचं की चौकशी मागायची?

"मॅडम, शिफ्टमधल्या जोडीदाराशी माझं आठ महिने पटत नाही. एचआर म्हणतं, दोघं समोरासमोर बसा, आम्ही मध्यस्थी करतो. मला वाटतं तक्रार द्यावी, चौकशी होऊ द्यावी. पण तक्रार दिली तर मी भांडकुदळ ठरणार, आणि बसलो तर सगळं गुंडाळलं जाणार. काय करू?"

हा चाकणजवळच्या एका कारखान्यातला क्वालिटी इन्स्पेक्टर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत तो तासभर बोलला, पण त्यातून मला एवढंच कळलं की "तो माणूसच तसा आहे". मग मी त्याला घरून एक यादी करून आणायला सांगितली. एका ओळीत एकच प्रसंग लिहायचा. त्यात तारीख, काय घडलं आणि कुणी पाहिलं एवढंच यावं, विशेषणं नकोत.

तो अकरा ओळी घेऊन आला. शिफ्ट बदलताना कुठल्या पेटीपर्यंत माल तपासला ते जोडीदार सांगत नाही. चूक सापडली की आधी फोन न करता थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. 'साहेबांचा लाडका' म्हणून टोमणे मारतो. अशा दहा ओळी होत्या. अकरावी ओळ मात्र त्याने सगळ्यात शेवटी, जवळजवळ ओशाळून लिहिली होती: "रजिस्टरला माझ्या नावाची सही त्याने केली."

मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो होता. पाच शाफ्टचा व्यास, पाचही ठिकाणी २४.९८. हाताने मायक्रोमीटर लावणाऱ्याला माहीत असतं की पाच नगांत शेवटचा आकडा सहसा थोडा तरी हलतो. शिवाय त्या दिवशी याची साप्ताहिक सुट्टी होती.

मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावायला सांगितला: हे घडलं की नाही, याचा निवाडा कुणीतरी करावा लागेल का? दहा ओळींना लागणार नव्हता. प्रसंग जोडीदारानेही नाकारले नसते, फक्त अर्थ वेगळा लावला असता. तिथे पुढे कसं वागायचं ते ठरवायचं असतं, आणि ते त्या दोघांनाच ठरवता येतं. सही मात्र खरी किंवा खोटी. त्यातून न तपासलेला माल ग्राहकाकडे गेला असण्याची शक्यता होती, म्हणजे ते दोघांपुरतं उरलंच नव्हतं.

एचआरचा हेतू वाईट नव्हता, पण मध्यस्थीत बोललेलं बाहेर वापरायचं नाही ही अटच असते. तिथे जोडीदार "हो, मीच सही केली" म्हणाला असता, तर कंपनीला ते विसरताही आलं नसतं आणि वापरताही. म्हणून सहीची चौकशी आधी, उरलेल्या दहा ओळी नंतर, असा क्रम आम्ही लावला.

(तक्रार लैंगिक छळाची असती तर हा क्रम माझ्या किंवा एचआरच्या हातात नसता. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जाते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, आणि समेटाचा प्रयत्न फक्त त्या स्त्रीने मागितला तरच होतो, तोही पैशांच्या बदल्यात नाही.)

तक्रार अर्ध्या पानाची झाली. त्यात फक्त पान, तारीख आणि हजेरीपट होता. टोमण्यांचा उल्लेख मी काढायला लावला, तेव्हा तो नाराज झाला. जोडीदाराला आरोपपत्र मिळालं, त्याने उत्तर दिलं, दुसऱ्या विभागातल्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. उलटतपासणीत जोडीदाराने यालाच विचारलं, "तू स्वतः कधी मागच्या तारखेची नोंद केली नाहीस?" याने "दोनदा केली" असं सांगितलं. आदल्या दिवशी आम्ही नेमकं यावरच बोललो होतो. चौकशी मागणाऱ्याच्या कामाकडेही नजर वळते.

दोन महिन्यांनी निष्कर्ष आला. सही जोडीदाराचीच होती, आणि डिस्पॅचची गाडी उभी असल्याने सुपरवायझरनेच "भरून टाक" म्हटलं होतं. जोडीदार आणि सुपरवायझर, दोघांना लेखी ताकीद मिळाली. याला वाटत होतं, निलंबन व्हायला हवं होतं. तो राग उतरायला आमच्या तीन भेटी गेल्या. तो ताजा असताना मध्यस्थीला बसवलं असतं तर तिथे पुन्हा खटलाच चालला असता.

मग एचआरने मलाच मध्यस्थी करायला सांगितलं. मी नकार दिला, कारण इतके दिवस मी एकाचीच बाजू ऐकली होती. कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमधून एक बाई आल्या. त्या आधी दोघांना वेगवेगळ्या भेटल्या, मग एकत्र. जोडीदाराने तिथे पहिल्यांदा सांगितलं की ग्रुपवर चुका टाकायला त्याला सुपरवायझरचाच आदेश होता. यातलं काही सही-प्रकरणाच्या फाइलला लागलं नाही.

ठरलं ते तीन ओळींचं: शिफ्ट बदलताना दहा मिनिटं मशीनपाशी दोघांनी थांबायचं, शेवटच्या तपासलेल्या पेटीवर खडूने खूण करायची, चूक दिसली तर आधी फोन. टोमण्यांबद्दल काहीच लिहिलं गेलं नाही, ते कमी झाले एवढंच. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "चहाला मी अजून त्याच्यासोबत जात नाही." जायलाच हवं असं मीही म्हटलं नाही.