वाळवीचं काँट्रॅक्ट सही करायच्या आधी

ताई, दांडिया बाजारकडच्या जुन्या घरात वाळवी निघाली म्हणालात, तर आधी कंपनीकडे कृषी खात्याचं कीटकनाशक लायसन मागा, जीएसटी नंबर म्हणजे लायसन नव्हे, आणि तारीख संपलीय का तेही बघा.

मग काँट्रॅक्टमध्ये औषधाचं नाव आणि भोकांचं अंतर लिहून घ्याच. भिंत-फरशीच्या सांध्यात दर ३० सेंटिमीटरला भोक आणि प्रत्येक भोकात १ लिटर द्रावण, म्हणजे १२ फुटी भिंतीला साधारण १३ भोकं, १३ लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिली, म्हणजे त्या भिंतीला २७ मिली. बाटली समोर फोडायला लावा. आमच्याकडे एकाने दोन-दोन फुटांवर भोकं पाडली, सहा महिन्यांत चौकट परत पोकळ!

वॉरंटीत बहुतेक फक्त परत ट्रीटमेंट फुकट असते, खराब झालेलं लाकूड नाही, आणि नंतर फरशी बदललीत तर तीही जाते, ती ओळ नीट वाचा.

सामान भिंतीपासून दोन फूट सरकवा, नळ-वायरी कुठून गेल्यात ते खडूने दाखवा, पण वाळवीने भिंतीवर केलेल्या मातीच्या नळ्या पाहणीआधी झाडू नका हं, त्यावरूनच वाट कळते.