माळ घातली, दारू सुटली, पण घराचा हिशेब सुटला

“ताई, आमच्या यायनं तीन वर्सांपूर्वी एका महाराजांची माळ घातली. दारू सुटली, मले लई बरं वाटलं. आता दर गुरुवारी आश्रमात जातेत, पहाटे चारले उठतेत, लेकराईची अंडी बंद केली, कापसाच्या पैशातून किती देतेत ते सांगत नाईत. काही म्हटलं का ‘तुह्या मनात श्रद्धा नाई’ म्हनतेत. का करू?”

ताई, तुमच्यासारखंच एक जोडपं दारव्ह्याकडून आमच्याकडे समुपदेशनाला यायचं. त्यांना सुनंदाताई आणि देवराव म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. पाच एकर कोरडवाहू, तीन एकरांत कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी, दोन एकर सोयाबीन. इथेही माळेनं दारू सोडवली होती.

आमच्याकडे येण्याआधी सुनंदाताईंनी दोन उपाय करून पाहिले होते. एकदा भावाला बोलावून चारचौघांत नवऱ्याला विचारलं, एकदा रागाच्या भरात माळ लपवली. दोन्ही वेळा देवराव आश्रमात जास्त दिवस राहून आले. दारू सोडलेल्या माणसाच्या कानावर ‘महाराज सोडा’ पडलं की त्याला ‘पुन्हा गुत्त्यावर जा’ असं ऐकू येतं. त्याला दारूपासून धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट असते, आणि घरचेच ती काढायला निघालेत असं त्याला वाटतं. म्हणून महाराज खरे की खोटे, हा वाद आम्ही खोलीत येऊच दिला नाही.

त्याऐवजी देवरावांना एकट्यांना विचारलं, “दारूची आठवण कधी येते, आणि तेव्हा नेमकं काय कामी येतं?” आठवण दिवेलागणीला यायची, आणि बाजारच्या दिवशी हातात पैसा असला की. कामी यायचं ते गावातलंच संध्याकाळचं भजन आणि दोन गुरुबंधू, ज्यांना तो कधीही फोन करू शकत होता. यातल्या कशालाच पैसा लागत नव्हता. पैसा जात होता आश्रमाच्या फेऱ्यांत आणि अन्नदानात. ही फाळणी देवरावांच्या स्वतःच्या तोंडून आली, म्हणून ती टिकली. तुम्हीही इथूनच सुरुवात करा, फक्त प्रश्न उलटतपासणीसारखा विचारू नका.

मग हिशेब. ‘वर्षाला किती देता?’ असं थेट विचारलं की माणूस आकडा कमी सांगतो. बहुतेकदा ते खोटंही नसतं, त्यानं कधी जोडलेलंच नसतं. देवराव म्हणाले, दहा-बारा हजार. आम्ही दोघांना समोरासमोर बसवून पोळ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सणासणानं आठवायला लावलं, कारण शेतकरी घराला खर्च तारखेनं आठवत नाही. दर गुरुवारचं पेट्रोल दोनशे, म्हणजे वर्षाचे १०,४००. पौर्णिमेच्या जीपचे चारशेप्रमाणे ४,८००. महिन्याची दक्षिणा पाचशे, तिचे ६,०००. सप्ताहातल्या अन्नदानाचे ११,०००, आणि पोथ्या, फोटो, वस्त्रं मिळून तीनेक हजार. बेरीज ३५,२००. लागवड, फवारणी, वेचणीची मजुरी वजा जाता त्या वर्षी शेतीतून उरले होते ८४ हजारांच्या आसपास. सुनंदाताई काही बोलल्या नाहीत आणि तेच बरं झालं. देवरावांनी वही परत स्वतःकडे ओढून पुन्हा बेरीज केली.

शहरातल्या समुपदेशनात ‘महिन्याच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का’ असं सांगतात. कोरडवाहू शेतीत ते चालत नाही, कारण पैसा वर्षातून दोन-तीनदा एकगठ्ठा येतो: सोयाबीनचा दिवाळीआधी, कापसाचा पुढे, मग तुरीचा. म्हणून नियम टक्क्याचा न करता क्रमाचा केला. विक्रीचा पैसा आला की आधी सोसायटीचं पीक कर्ज बाजूला काढायचं, कारण मुदतीत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते. मग पुढच्या खरिपाचं बियाणं-खत, मग किराणा, शाळा, दवाखाना. यानंतर उरेल त्यातून धर्माचा वाटा, आणि तो आकडा दोघांनी मिळून ठरवायचा. त्यांनी १२,००० ठरवला. घरखर्चाचं खातं दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं केलं. देवरावांच्या मोबाइलवरून पैसे जायचे, म्हणून त्याला वेगळं खातं जोडलं आणि त्यात फक्त हा वाटा टाकला. खातं रिकामं झालं की त्या वर्षाचं दान संपलं.

हे पहिल्याच सप्ताहात मोडलं. मंडपात माईकवर नावं पुकारली जात होती, शेजारच्या गावच्या माणसानं मोठा आकडा बोलला आणि देवरावही २१,००० बोलून आले. पुकारलेला आकडा मागे घेणं गावात मरणाहून कठीण, हे वेगळं सांगायला नको. आम्ही त्यांना खोटं पाडलं नाही. तो आकडा पुढच्या दोन वर्षांच्या वाट्यात जिरवला आणि एक वाक्य पाठ करून घेतलं: “घरी इचारून सांगतो.” त्यानंतर अशा दिवशी दोघं मिळून जायचे, आणि आकडा घरूनच ठरवून न्यायचे. गाडगेबाबा कीर्तनात कर्ज काढून सण-उत्सव करू नका असं सांगत, ही आठवण देवरावांनीच एकदा काढली. आमच्या सल्ल्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

दिवसाच्या नियमासाठी आम्ही एकच कसोटी लावली: ज्याचं व्रत, त्याच्या ताटापुरतं. कांदा-लसूण नको तर फोडणी देण्याआधी देवरावांचं वरण वाटीत काढायचं. दोन वेगळे स्वयंपाक करायचे नाहीत. लेकरांची अंडी परत सुरू. पहाटेचं पाणी ते स्वतः तापवणार, आणि भजन मोबाइलवर मोठ्यानं लावणार नाहीत. वेचणीच्या आणि फवारणीच्या हंगामात गुरुवारची फेरी बंद, कारण त्या दिवशी मजूर लावले की वेचणी किलोमागे पैसे मागते आणि तो खर्च भक्तीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. देवरावांनी ब्रह्मचर्याचं व्रत चातुर्मासापुरतं म्हणून घेतलं आणि पुढे वाढवत नेलं, बायकोला न विचारता. हे बोलायला सुनंदाताईंना चौथी भेट लागली. दोघांच्या नात्यावरचं व्रत एकट्यानं घेता येत नाही, हे देवरावांना पटलं; पण त्यांनी फक्त मुदत मान्य केली, व्रत सोडलं नाही. तो विषय अजून चालू आहे.

ताई, तुमच्या घरी हे सगळं हळूहळू तीन वर्षांत झालं, म्हणून मी समजुतीचा मार्ग सांगते आहे. पण काही दिवसांतच माणूस पालटला, दोन-तीन तास झोपून थकत नाही, भरमसाठ पैसा उधळतो, देव आपल्याशी बोलतो म्हणतो, तर ती भक्ती समजून थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या महाराजांच्या शब्दावर बंद केल्या, तर आधी डॉक्टर, हिशेब नंतर. आणि तुमचं स्त्रीधन मागितलं, कोऱ्या कागदावर सही मागितली किंवा मारहाण झाली, तर सही करू नका, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बायकोचा पैसा आणि दागिने असे हिरावून घेणंही हिंसाच धरलं आहे.