स्पीड टेस्टचे आकडे साइटगणिक का बदलतात?

प्रश्न: प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, पण तीन साइटवर टेस्ट केली की तीन वेगळे आकडे येतात. खरा कुठला धरायचा? आणि घरच्या घरी नीट तुलना कशी करायची?

उत्तर:

तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण प्रत्येक साइट वेगळा रस्ता मोजते. speedtest.net तुमच्या जवळचा, लवकर उत्तर देणारा सर्व्हर आपोआप निवडते आणि तो बऱ्याचदा तुमच्याच इंटरनेट कंपनीने बसवलेला असतो. मग डेटा कंपनीच्या जाळ्याबाहेर पडतच नाही. fast.com नेटफ्लिक्सची आहे. ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा आणते, आणि असे सर्व्हर अनेक इंटरनेट कंपन्यांनी आपल्या जाळ्यात ठेवून घेतलेले असतात. मेझरमेंट लॅब हा इंटरनेटचा वेग मोजणारा खुला संशोधन प्रकल्प मात्र आपले सर्व्हर मुद्दाम या कंपन्यांच्या जाळ्याबाहेर ठेवतो, म्हणून तिथला आकडा अनेकदा कमी दिसतो.

दुसरा फरक कनेक्शनच्या संख्येचा. speedtest.net एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून डेटा ओढते, मेझरमेंट लॅबची NDT नावाची टेस्ट एकाच कनेक्शनवर चालते. एका कनेक्शनवर सर्व्हर ठरावीक डेटा पाठवतो आणि 'पोचला' असा निरोप परत आल्याशिवाय पुढचा सोडत नाही. समजा एका वेळी १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट, सुटतो. सर्व्हर जवळ असेल आणि जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला २०० फेऱ्या होतात आणि तुमची लाइन सहज भरते. तोच सर्व्हर सिंगापूरला असेल आणि ६० मिलिसेकंद लागत असतील, तर जेमतेम १६-१७ फेऱ्या होतात. हिशेब १३३ एमबीपीएसच्या आसपास अडकतो. लाइन २०० ची असूनही, आणि कुणाचीही चूक नसताना! हे स्वतः बघायचं असेल तर speedtest.net वर Connections मध्ये Multi ऐवजी Single निवडा आणि एकदा जवळचा, एकदा लांबचा सर्व्हर घेऊन बघा.

आता तुलनेचं. वाय-फाय आधी बाजूला ठेवा, नाहीतर लाइनऐवजी मधली भिंत मोजली जाते. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, व्हीपीएन बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही थोडा वेळ नेटवरून काढा. केबलकडेही लक्ष द्या. माझ्याकडे कुठल्याही साइटवर आकडा ९४ च्या वर जाईना. वेगवेगळ्या सर्व्हरवर अगदी तोच आकडा यावा, हीच शंकेची जागा होती. विंडोजमध्ये Link speed पाहिला तर 100/100 (Mbps). केबलच्या आठ तारांपैकी एक प्लगमध्ये नीट बसली नव्हती, त्यामुळे जोडणी १००० वरून १०० वर उतरली होती, आणि १०० च्या जोडणीतून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. केबल बदलली आणि आकडा १९० च्या पुढे गेला.

सर्व्हर दरवेळी तोच राहावा म्हणून मी ब्राउझरऐवजी speedtest.net चालवणाऱ्या ऊकला कंपनीचा कमांडवरचा प्रोग्रॅम वापरतो:

```
speedtest -L
speedtest -s 12345
```

पहिली कमांड जवळच्या सर्व्हरची यादी देते. 12345 च्या जागी त्यातला नंबर टाकायचा. दोन सर्व्हर निवडा, एक तुमच्या कंपनीचा आणि एक त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीचा. शहर एकच ठेवलं की अंतराचा प्रश्न उरत नाही. पहिल्यावर तीनदा आणि मग दुसऱ्यावर तीनदा असं करू नका, आलटून पालटून घ्या, कारण गर्दी मिनिटामिनिटाला बदलते. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊनंतर, प्रत्येक वेळी दोन्हींवर तीन-तीन टेस्ट करा आणि तिन्हींतला मधला आकडा धरा. सरासरी नको, एखादी फसलेली टेस्ट ती खाली ओढते. डेटाला मर्यादा असेल तर जपून, २०० च्या लाइनवर दहा सेकंदांच्या डाउनलोडलाच २५० एमबी जातात.

माझा एका आठवड्याचा हिशेब असा होता: कंपनीच्या सर्व्हरवर तिन्ही वेळी १९० च्या वर. दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर सकाळी १८८, दुपारी १८५, रात्री ६० ते ७०. म्हणजे घरापासून कंपनीपर्यंतची लाइन ठणठणीत होती आणि दुसरा सर्व्हरही दिवसा पूर्ण वेग देत होता. पण रात्रीच्या गर्दीत तो सर्व्हरच थकत असेल, तर दोष कंपनीच्या माथी मारणं चुकीचं. म्हणून त्याच शहरातल्या तिसऱ्या कंपनीचा सर्व्हर रात्री तपासला. तिथेही ७० च्या आतच. तेव्हा कुठे खात्री झाली की कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडणारी वाट रात्री तुंबते.

कस्टमर केअरने आधी फोनवर "आमच्या टेस्टमध्ये २०० येतंय" असंच सांगितलं होतं. तेही खरंच होतं, त्यांच्याच सर्व्हरवर. मग मी तारीख, वेळ, सर्व्हरचा नंबर आणि आकडा असा तक्ता ईमेलने पाठवला. त्यानंतर तक्रार लाइनमनकडे न जाता नेटवर्कच्या टीमकडे गेली.